भाडेकरारावर दोघांची नावं आहेत आणि आता वेगळं व्हायचंय? या चुका टाळा

ब्रेकअप झालं असेल, घटस्फोट चालू असेल किंवा नुसतंच "आता एकत्र जमणार नाही" असं ठरलं असेल, भाडेकराराला त्याच्याशी काही घेणंदेणं नसतं. त्यावर दोघांच्या सह्या आहेत एवढंच त्याला माहीत. मी भाडेकरारांचे कागद करून देतो आणि वेगळ्या होणाऱ्या जोड्या त्याच त्याच चुका करून माझ्याकडे येतात, त्यामुळे आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की सरळ हेच पाठवून देईन.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घर सोडलं की नाव सुटलं असं समजणं.

एक केस सांगतो. ती घर सोडून गेली, तो तिथेच राहिला. जाताना तिने घरमालकाला मेसेज केला की मी एक तारखेपासून इथे राहत नाहीये, यापुढचं भाडं तो देईल. घरमालकाने अंगठा पाठवला. तिच्या दृष्टीने विषय संपला, सामान हलवलं, नवीन जागी राहायलाही लागली. काही महिने त्याने भाडं भरलं, मग त्याची नोकरी गेली आणि भाडं थांबलं, आणि एक दिवस थकबाकीची नोटीस आली ती दोघांच्या नावाने. ती मेसेज आणि तो अंगठा घेऊन माझ्याकडे आली. मी घरमालकाला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "अहो, त्यांनी कळवलं, मला कळलं, एवढाच त्या अंगठ्याचा अर्थ. मी त्यांना सोडलं असं कुठे लिहिलंय?" आणि त्याचं बरोबर होतं. शेवटी सगळी थकबाकी तिनेच भरली, कारण पगार तिचा चालू होता आणि तो फोन उचलत नव्हता. कागदोपत्री ती त्याच्याकडून वसूल करू शकते, पण ज्याच्याकडे भाडं द्यायला पैसे नाहीत त्याच्याकडून वसूल काय करणार.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या. दोघांनी मिळून केलेल्या करारात बहुतेक वेळा जबाबदारी एकत्रही असते आणि प्रत्येकाची वेगळीही असते. म्हणजे अर्धं भाडं तुझं, अर्धं माझं हे फक्त तुमच्या दोघांतलं ठरलेलं, घरमालक हवं तर पूर्ण भाडं एकट्याकडून मागू शकतो. आणि "यापुढे मी जबाबदार नाही" असं तुम्ही दोघांनी आपसात कितीही सह्या करून लिहिलंत तरी घरमालक त्यात नसेल तर तो त्याला बांधील नाही. तुमच्यातला कागद तुम्हाला एकमेकांविरुद्ध कामाला येईल, घरमालकाविरुद्ध नाही.

त्यामुळे नाव काढायचे खरे रस्ते दोनच. एक म्हणजे पुरवणी करार, ज्यावर तिघांची सही असते: जाणारा, राहणारा आणि घरमालक. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: जाणारा कोणत्या तारखेपासून करारातून मुक्त, त्या तारखेनंतरचं भाडं आणि नुकसान यांच्याशी त्याचा संबंध नाही, आणि डिपॉझिट यापुढे कोणाचं. दुसरा रस्ता म्हणजे जुना करार रीतसर संपवून राहणाऱ्याच्या एकट्याच्या नावाने नवीन करणं. मला स्वतःला दुसरा आवडतो, कारण जुना हिशोब तिथेच बंद होतो, पण नवीन करारात घरमालक भाडं वाढवायची संधी सहसा सोडत नाही, तेव्हा मुदत भरपूर बाकी असेल तर पुरवणी बरी. मूळ करार नोंदवलेला असेल तर हा बदलही नोंदवावा लागेल का ते आधी विचारून घ्या. आणि कृपा करून जुन्या करारावर पेनाने नाव खोडून बाजूला आद्याक्षरं टाकू नका, असे कागद माझ्याकडे येतात आणि लोक वर विचारतात, "चालेल ना?" नाही चालणार.

घरमालक हो म्हणायच्या आधी राहणाऱ्याचं उत्पन्न बघणार, हे धरूनच चला. दोघांच्या पगारावर दिलेलं घर एकाच्या पगारावर ठेवायला तो का तयार होईल? जामीनदार मागेल, नाहीतर नकार देईल, आणि बऱ्याच ठिकाणी नकार द्यायचा त्याला हक्क असतो. म्हणून आधी पगाराच्या स्लिपा तयार ठेवा, मग विषय काढा. आधी भांडून मग कागद शोधणारे लोक मला समजतच नाहीत.

नोटिशीच्या बाबतीत तर अजिबात घाई नको. "मी माझ्यापुरती नोटीस देतो" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते, कारण त्याचा परिणाम देशागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये ठरलेल्या मुदतीशिवाय नुसती महिन्यामहिन्याने चालू असलेली संयुक्त टेनन्सी एकट्याच्या रीतसर नोटिशीने दोघांसाठीही संपते, तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हे १९९१ मध्येच पक्कं केलंय, म्हणजे जाणाऱ्याच्या एका पत्राने राहणाऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ शकतं. जर्मनीत उलट, एकट्याची नोटीस चालत नाही, दोघांनी मिळून द्यावी लागते, पण घटस्फोटानंतर दोघांनी एकत्र घरमालकाला कळवलं की घर अमक्याकडे राहणार, तर करार त्या एकावर जातो. तुमच्याकडे काय नियम आहे ते नोटीस पाठवायच्या आधी बघा, नंतर बघून उपयोग नाही.

आता डिपॉझिट. इथली चूक म्हणजे "चला, अर्धं अर्धं करू" म्हणून मोकळं होणं.

पहिली गोष्ट, ते पैसे आत्ता घरमालकाकडे आहेत आणि घर रिकामं होईपर्यंत तिथेच राहणार. जाणारा घरमालकाला अर्धं मागतो, तो नाही म्हणतो, मग जाणारा चिडतो. अहो, घर अजून चालू आहे, तो तारण अर्धं कशाला करेल? त्यामुळे जाणाऱ्याचा हिस्सा राहणाऱ्यानेच स्वतःच्या खिशातून द्यायचा असतो आणि बदल्यात पूर्ण डिपॉझिट त्याच्या नावावर होतं. पण किती द्यायचा, हे घराची अवस्था बघितल्याशिवाय ठरत नाही.

उदाहरण घेऊ, सोपं पडावं म्हणून डिपॉझिट १०० धरू. जाणाऱ्याने ६० भरले होते, राहणाऱ्याने ४०. दोघं मिळून घरभर फिरले, प्रत्येक खोलीचे फोटो काढले, तर बाथरूमच्या दाराला तडा आणि किचनचा ओटा एका कोपऱ्यात फुटलेला निघाला, दुरुस्ती साधारण १०. हे दोघांच्या काळातलं, म्हणून प्रत्येकी ५. भिंतीचा रंग उडालाय तो मोजायचा नाही, रोजच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी सहसा येत नाही. विजेच्या बिलातले ३ जाणाऱ्याकडे बाकी होते, ते आता राहणारा भरणार. मग जाणाऱ्याला मिळणार ६० वजा ५ वजा ३, म्हणजे ५२. राहणाऱ्याने ते ५२ दिले की पुढे पूर्ण १०० वर हक्क त्याचा आणि त्यातून दुरुस्तीचे १० कापले जायची जोखीमही त्याची. घरमालकाने शेवटी काहीच कापलं नाही तर फायदा राहणाऱ्याचा, २० कापले तर तोटाही त्याचाच. हे आधीच बोलून घ्या, नाहीतर वर्षभराने "दाराचे पैसे कापलेच नाहीत, माझे ५ परत दे" असा मेसेज येतो.

नुसतं अर्धं अर्धं केलं असतं तर जाणाऱ्याला ५० मिळाले असते आणि दोघांनाही वाटलं असतं की हिशोब बरोबर झाला. फरक लहान दिसतो, पण जिथे एकानेच पूर्ण डिपॉझिट भरलेलं असतं तिथे हेच "अर्धं अर्धं" थेट अर्ध्या रकमेची चूक असते. कोणी किती भरलं ते बँकेच्या स्टेटमेंटमधून काढा, आठवणीतून नको, आठवणीत प्रत्येकाने जास्तच भरलेलं असतं.

आणि ५२ देऊन काम संपत नाही. डिपॉझिट आता कोणाचं हे घरमालकाला लेखी कळवून त्याची पोच घेतलीच पाहिजे. एका जोडीने आपसात चोख हिशोब केला, पण पुरवणीत डिपॉझिटबद्दल एक ओळही टाकली नाही. पुढे घर रिकामं झालं तेव्हा घरमालकाने पूर्ण रक्कम जिथून आली होती त्याच खात्यात परत पाठवली, म्हणजे कधीच निघून गेलेल्या माणसाच्या. त्याला स्वतःचा हिस्सा आधीच मिळालेला होता. पैसे परत आले, पण महिनोन्‌महिने मागून आणि वकिलाचं पत्र गेल्यावर.

क्रम माझा ठरलेला आहे: आधी घरमालकाचा होकार, मग घराची पाहणी, मग आकडा, आणि शेवटी पुरवणीवर तिघांच्या सह्या व पैसे एकाच बैठकीत. सह्यांआधी पैसे दिले की जाणारा सहीला वेळ काढतो, सह्यांनंतर "पैसे पुढच्या महिन्यात देतो" म्हटलं की तो पुढचा महिना येतच नाही. फ्रीज आणि सोफा याच्यात घुसवू नका, त्याचं वेगळं बसून ठरवा.

जामीनदार विसरू नका. जाणाऱ्याच्या वडिलांनी जामीन दिला असेल तर मुलाचं नाव निघालं म्हणून त्यांचं आपोआप निघेलच असं नाही, त्यांच्या सुटकेचं वेगळं पत्र घ्या.

राहणाऱ्यांनो, रागात कुलूप बदलू नका. करारात नाव आहे तोवर समोरच्यालाही त्या घरात यायचा हक्क आहे. मारहाण किंवा धमकीचा मामला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थेट पोलीस आणि कोर्टाचा आदेश, आणि काही ठिकाणी अशा माणसाला करार लवकर सोडायची वेगळी सोयही असते.

जाणाऱ्यांनो, दबाव टाकायला भाडं थांबवू नका, बाहेर काढायची नोटीस तुमच्याही नावाने निघते आणि पुढच्या घरमालकाने जुन्याला फोन केला की तीच गोष्ट त्याला ऐकायला मिळते.

वीज, गॅस, इंटरनेट ज्याच्या नावावर आहे त्याने जायच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून खातं बदलून घ्यावं. चाव्या परत दिल्या की चाव्यांची संख्या लिहून पोच घ्यावी.