फोटोला मधोमध भोक पाडताना मी दोनदा आपटलो

स्टुडिओत लागून तीन आठवडे झाले होते. जुन्या वाड्याच्या सागवानी खिडकीचा एक फोटो हातात आला आणि काम मिळालं: खिडकीच्या मधल्या जागेत आरपार भोक पाड, म्हणजे मागून नवरा-नवरीचा फोटो दिसेल. चौकटी चोवीस. सोपं वाटलं, कारण सोपंच आहे. तरी माझा एक दिवस आणि बरीचशी इज्जत त्यात गेली.

मी GIMP मध्ये काम करतो, तुम्हीही तेच वापरत असाल असं धरतो. मधला चौकोन निवडला, Delete दाबलं, आत सगळं पांढरं झालं. मी खूश! चोवीसही फायली तशाच करून अल्बम लावणाऱ्या दादाला दिल्या. अल्बमचं पान पांढरं, भोकही पांढरं, त्यामुळे त्यालाही काही खटकलं नाही. संध्याकाळी त्याने पहिला फोटो खिडकीखाली सरकवला आणि फोटो गायब. ते भोक नव्हतंच, पांढरा रंग होता.

इथे नीट थांबा, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यातून आलेल्या JPG मध्ये प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा एवढंच माहीत असतं. 'मी आरपार आहे' हे सांगायला चौथा कप्पा लागतो, त्याला अल्फा चॅनल म्हणतात. तो नसला की Delete दाबल्यावर GIMP बिचारं करणार काय? पार्श्वभूमीचा जो रंग निवडलेला असेल, तो ओतून मोकळं होतं. माझा रंग पांढरा होता. काळा असता तर तेव्हाच कळलं असतं.

म्हणून चौकोन काढायच्या आधी `Layer > Transparency > Add Alpha Channel`. लेयरच्या यादीत नाव ठळक अक्षरात दिसत असेल तर अल्फा नाही. साधं झालं की आहे. त्यानंतर Delete दाबलं की राखाडी चौकडी दिसते. ती दिसली म्हणजे भोक खरं.

चौकोन मात्र हाताने ओढत बसू नका. मधोमध दिसतो, पण नसतो. आमची चौकट 12×8 इंची, 300 डीपीआयला 3600×2400 पिक्सेल. आतला फोटो 6×4 चा, म्हणजे 1800×1200. 3600 मधून 1800 वजा करून निम्मे केले की 900, आणि 2400 मधून 1200 वजा करून निम्मे केले की 600. आयत निवडायच्या टूलच्या पर्यायांत Position मध्ये 900 आणि 600, Size मध्ये 1800 आणि 1200 लिहायचं. संपलं. मागचा फोटो थोडा मोठा ठेवा, मी 1840×1240 ठेवतो. नेमका तेवढाच ठेवला तर जरा सरकला की कडेला पांढरी रेघ डोकावते.

मग मी दुसऱ्यांदा आपटलो, आणि हे जास्त लाजिरवाणं आहे. भोक बरोबर पाडलं, चौकडी दिसली, आणि सवयीने JPG म्हणून एक्स्पोर्ट केलं. JPG ला तो चौथा कप्पा ठेवताच येत नाही. भोक पुन्हा पांढरं. `File > Export As` मध्ये नावाच्या शेवटी `.png` लिहा, आणि कामाची मूळ फाइल `.xcf` म्हणून वेगळी ठेवा.

तपासायची माझी पद्धत: पीएनजी पुन्हा उघडायची, खाली एक भडक लाल लेयर टाकायचा. भोकातून लाल दिसलं तरच फाइल पुढे द्यायची. चौकडीवरसुद्धा आंधळा विश्वास नको. नेटवरून उतरवलेल्या कितीतरी 'पारदर्शक' चौकटींत ती राखाडी चौकडी चक्क रंगवलेली असते. आयत्या चौकटी गोळा करून काम शिकता येतं असं सांगणारे आमच्याकडेही होते. त्यांचं ऐकून मी जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात दहा खिडक्या कापून झाल्या असत्या.

हळूहळू Delete च सोडून द्याल, मीही सोडलं. लेयरला मास्क लावून मधल्या चौकोनात काळा भरला की तेवढा भाग लपतो. चुकलं तर पांढरा भरून परत आणता येतो. खिडकीच्या गजांभोवती कापताना याने जीव वाचतो, कारण गज पहिल्या फटक्यात कोणालाच नीट जमत नाहीत. मला आजही जमत नाहीत.

आणि लॅबवाला JPG मागतो म्हणून घाबरू नका. नवरा-नवरी खिडकीत बसले की भोक उरतच नाही, तेव्हा खुशाल JPG द्या.