अपेंडिक्सचा पेशंट, गरम पाण्याची पिशवी आणि माझी एक चुकीची एंट्री

नर्सिंगच्या परीक्षेत हा प्रश्न येतोच येतो, अपेंडिसायटिसच्या पेशंटला यातलं काय द्यायचं नाही, आणि उत्तर असतं हीटिंग पॅड. मीही पाठ केलं होतं. जीएनएम झालं, पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये सर्जिकल वॉर्डला लागले, आणि चौथ्याच महिन्यात ते उत्तर माझ्यासमोर ब्लँकेटखाली पडलेलं होतं आणि मला दिसलं नाही. नवीन लागणाऱ्या मुलामुलींसाठी ती रात्र नीट सांगते, थोडं लांबेल.

पेशंट बावीस वर्षांचा मुलगा, गाव मराठवाड्यात, इथे नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करायचा. रविवारी संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं, मेसचं जेवण बाधलं असेल म्हणून सोडून दिलं, जेवायची इच्छा नव्हती, रात्री एकदा उलटी झाली. खाली राहणाऱ्या घरमालकीण काकूंनी मायेपोटी बेंबीला हिंग लावला, दोन चमचे एरंडेल पाजलं आणि गरम पाण्याची पिशवी दिली. सोमवारी सकाळी दुखणं बेंबीवरून उजव्या बाजूला खाली सरकलं. दिवसभर शेकत पडून राहिला आणि रात्री साडेनऊला मित्राने रिक्षात घालून आणला, म्हणजे जवळपास सत्तावीस तास झालेले.

दुखणं सरकतं का हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. अपेंडिक्स ही एका टोकाला बंद असलेली नळी. तिचं तोंड बुजलं, बऱ्याचदा घट्ट झालेल्या शौचाच्या खड्याने, की आतला स्राव आतच साठतो, प्रेशर वाढतं, जंतू वाढतात. नळी ताणली गेली की तो निरोप बारीक नसांमधून जातो आणि मेंदूला नेमकी जागा कळत नाही, म्हणून पेशंट सगळा पंजा बेंबीवर फिरवून दाखवतो. सूज बाहेरच्या भिंतीपर्यंत येऊन पोटाच्या आतल्या अस्तराला, म्हणजे पेरिटोनियमला टेकली की मात्र पेशंट एका बोटाने जागा दाखवतो. पंजा की एक बोट, हे बघायला कसलंच यंत्र लागत नाही. ती जागा बहुतेक वेळा मॅकबर्नीज पॉइंटच्या आसपास असते. कमरेच्या उजव्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी अशी रेघ धरा, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर. मॅकबर्नी नावाच्या न्यूयॉर्कच्या सर्जनने १८८९ मध्ये हे लिहून ठेवलं, अजून तेच चालतंय.

आता रिबाउंड टेंडरनेस. कॅज्युअल्टीत आमच्या सरांनी केलेलं मी बाजूला उभं राहून बघितलं. आधी हात चोळून गरम केले, मुलाला गुडघे वाकवायला सांगितले म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात, आणि हात लावला तो दुखत नाही तिकडे, डाव्या बाजूला. तिथून हळूहळू उजवीकडे आले. दुखऱ्या जागी बोटं सावकाश खोल दाबली, काही सेकंद तशीच धरली आणि पटकन उचलली. दाबताना मुलाने नुसते ओठ आवळले, हात उचलला तेव्हा मात्र कळवळून सरांचं मनगटच धरलं. दाबण्यापेक्षा सोडताना जास्त दुखलं तर पॉझिटिव्ह, कारण दाबलेलं अस्तर झटक्यात परत येतं आणि सुजलेलं असल्यामुळे तो हिसका सहन होत नाही. आम्ही नवे सगळे पोटाकडे बघत होतो. सर म्हणाले, "पोटाकडे काय बघताय, चेहऱ्याकडे बघा."

ही टेस्ट दहा जणांनी दहा वेळा करायची नाही. शिकायला मिळावं म्हणून इंटर्न, स्टुडंट, स्टाफ सगळे आळीपाळीने दाबतात, हे मला तेव्हाही आवडायचं नाही आणि आताही नाही. एकदा झाली, डॉक्टरांनी लिहिली, संपलं. पुढे लक्ष ठेवायला नुसतं खोकायला सांगा, खोकताना पेशंटचा हात आपोआप उजव्या बाजूला जातो. किंवा विचारा, रिक्षातून येताना स्पीडब्रेकरवर दुखलं का? चेष्टा नाही, २०१२ मध्ये बीएमजेमध्ये यावर इंग्लंडमधला अभ्यास छापून आलाय, अपेंडिसायटिस पक्का झालेल्या ३४ पैकी ३३ जणांना स्पीडब्रेकरवर दुखणं वाढलं होतं. अर्थात इतर कारणांनी पोट दुखणाऱ्या बऱ्याच जणांनाही दुखलं होतं, त्यामुळे दुखलं म्हणजे अपेंडिक्सच असं नाही, पण अजिबात दुखलं नाही तर शंका बरीच कमी होते. आमच्या मुलाने तर प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्या काकांना थांबवलं होतं.

आणि रिबाउंड नाही म्हणून निश्चिंतही राहू नका. अपेंडिक्स आतड्याच्या मागे लपलेलं असेल तर पुढून दाबून फारसं काही कळत नाही. म्हातारी माणसं, गरोदर बाई, स्टेरॉइडवर असलेला पेशंट, यांच्यातही चिन्हं फसवी असतात.

तर मुलाचं ठरलं, सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं, पांढऱ्या पेशी १६,८००, ताप १००.६, पल्स ९६. सर्जरी पहाटे सहाला पोस्ट केली आणि रात्री अकराला तो माझ्या वॉर्डात आला. प्रीऑपची कामं मी मन लावून केली. एनबीएम, म्हणजे पाणीसुद्धा नाही, ओठ सुकले तर चूळ भरून थुंकायची. १८ नंबरची इंट्राकॅथ, त्याच टोचण्यात ब्लड सॅम्पल, मग आरएलची बाटली. डोकं उचललेलं, गुडघ्याखाली उशी. अँटिबायोटिक ऑर्डरप्रमाणे सुरू, आणि चीर द्यायच्या आधीच्या तासाभरात डोस गेलेला असला पाहिजे म्हणून ओटीच्या वेळेशी जुळवून लिहून ठेवलं. कन्सेंट त्याचा स्वतःचा, सरांनी समजावून सांगितलं, वडिलांना फोनवर कळवलं. कमरेचा काळा करदोटा होता, तो विचारून कापला आणि कागदात गुंडाळून मित्राच्या हातात दिला, असल्या गोष्टी न विचारता कापून कचऱ्यात टाकल्या की माणसं दुखावतात. ऑपरेशन म्हटलं की पोट साफ हवं म्हणून मावशी एनिमाचं सामान घेऊन आल्या होत्या, त्यांना परत पाठवलं. एनिमा किंवा जुलाबाने आतड्याची हालचाल आणि आतलं प्रेशर वाढतं, आणि तट्ट फुगलेल्या नळीला नेमकं तेच नको असतं. एरंडेलाचं मी सरांना सांगून फाइलवर लिहिलंही होतं. शेकल्याचं मात्र ना त्याने सांगितलं ना मी विचारलं.

दीड वाजता राउंडला गेले तर म्हणाला, "सिस्टर, आता बरंच बरं वाटतंय." मला आनंद झाला. मी लिहिलं, वेदना कमी, पेशंट झोपलाय. पल्स घेतली नाही, झोपमोड कशाला.

तीनला सिनियर सिस्टर आल्या. लांबूनच म्हणाल्या, "हा झोपलेला नाहीये गं, हा हलत नाहीये." दोन्हीत फरक आहे. मुतखड्याचा पेशंट कॉटवर गडबडा लोळतो, पेरिटोनायटिसचा पेशंट कॉटला धक्का लागला तरी विव्हळतो, म्हणून तो गुडघे पोटाशी घेऊन दगडासारखा पडून राहतो आणि श्वासही वरच्यावर घेतो. पल्स १२८, बीपी ९८/६०, ताप १०२.४. ब्लँकेट उचललं तर पोटावर गरम पाण्याची पिशवी. दुखतंय म्हणाला म्हणून मित्राने बाराच्या सुमाराला खालच्या चहावाल्याकडून पाणी आणून भरून दिली होती, आणि मला सांगितलं तर मी ओरडेन म्हणून दोघं गप्प. पोट फळीसारखं कडक, आता दुखणं सगळीकडे, स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्याचा आवाज नाही.

झालं होतं असं की अपेंडिक्स फुटलं होतं. फुटलं की आतला ताण एकदम सुटतो आणि थोडा वेळ खरंच हलकं वाटतं, मग पू आणि घाण पोटात पसरते आणि सगळं अस्तर पेटतं. मी जे "वेदना कमी" म्हणून लिहिलं ते बहुतेक तेच होतं. दुखणं कमी झालं आणि पल्स चढतेय, तर ती चांगली बातमी नाही, लगेच डॉक्टरांना फोन.

पिशवीनेच फुटलं का? तसं छातीठोक सांगता येणार नाही, सत्तावीस तास आधीच उलटले होते, ते तसंही फुटलं असतं. पण शेक का टाळायचा त्याची कारणं दोन. शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्या भागात रक्त जास्त येतं, सूज वाढते. पायाच्या स्नायूत हे चालतं कारण तिथून ते वाहूनही जातं. इथे नळी बंद, प्रेशरने परत जाणाऱ्या शिरा दाबलेल्या, म्हणजे येणं वाढतं आणि जायला वाट नाही, भिंत अजून ताणते आणि फुटायचा धोका वाढतो. दुसरं म्हणजे शेकाने स्नायू सैलावतात, बरं वाटतं, आणि माणूस घरीच थांबतो. माझ्या मते काकूंच्या पिशवीने जास्त नुकसान असंच केलं, सोमवारचा अख्खा दिवस खाल्ला.

मग स्टुडंट विचारतात, पेनकिलर चालतं तर शेक का नाही? पूर्वी निदान होईपर्यंत पेनकिलरही देत नसत, आता तपासणी झाल्यावर डॉक्टर देतात आणि त्याने निदान चुकत नाही असंच दिसून आलंय. पण ते इंजेक्शन चार्टवर असतं, किती वाजता किती दिलं ते सगळ्यांना माहीत असतं, आणि ते बंद नळीकडे रक्त वाढवत नाही. ब्लँकेटखालची पिशवी कोणालाच माहीत नसते.

पुढची धावपळ थोडक्यात. दुसरी लाइन, सलाईन फास्ट, नाकातून रायल्स ट्यूब टाकून पोट रिकामं केलं, लघवीची नळी घातली. वजन ५८ किलो, म्हणजे तासाला किलोमागे अर्धा मिली धरला तर ३० मिलीच्या आसपास लघवी हवी, पहिल्या अर्ध्या तासात ५ मिली आली. चारला ओटीत घेतलं. टोकाशी फुटलेलं, पोट धुतलं, ड्रेन ठेवला. न फुटलेलं असतं तर दोन-तीन दिवसांत घरी गेला असता, तो नऊ दिवस राहिला.

माझी दीडची एंट्री फाइलमध्ये तशीच आहे. सिनियर सिस्टरांनी खोडू दिली नाही, खाली तीनची नवीन एंट्री वेळेसकट लिहायला लावली. तेव्हापासून अॅडमिशनला मी सरळ विचारते, "घरी शेकलंत का?" आणि ब्लँकेट उचलून बघते. पोटावर शेकाचे लाल चट्टे बऱ्याचदा उत्तराच्या आधी दिसतात.

डिस्चार्जच्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या होत्या, मऊ भात आणि साधं वरण. मी त्यांना शेकाचं सगळं समजावलं, त्यांनी मान डोलावली, डोळ्यांत पाणी आलं. मग जाता जाता दारातून वळून हळूच विचारलं, "सिस्टर, आता टाक्यांवर तरी थोडंसं शेकलं तर चालेल ना?"