पानावरची धूळ, भुरी की लाल कोळी? नेमकं कसं ओळखावं

पानांतला रस शोषणारा लाल कोळी ओळखायचा म्हटलं की सगळे जाळी शोधायला लागतात, आणि तिथेच उशीर होतो. शेंड्यावर जाळी दिसायला लागली, म्हणजे कोळ्याच्या दोन-तीन पिढ्या त्या झाडावर वाढून गेलेल्या असतात. आधी बोलतात ते ठिपके. ठिपके वाचता आले तर जाळीची वाट बघावी लागत नाही.

नावानेही फसू नका. पूर्ण वाढलेला कोळी जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो आणि तो लाल असेलच असं नाही. पुष्कळदा तो फिकट हिरवट-पिवळा असतो आणि पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक गडद डाग असतो. लाल दिसला नाही म्हणून कोळी नाही, असं ठरवून झाड गमावलेले लोक मी पाहिले आहेत.

साहित्य थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कागद, पारदर्शक चिकटपट्टी, काळ्या कागदाचा तुकडा आणि ओला कपडा.

१. कोणतं पान घ्यायचं

शेंड्याचं कोवळं पान नको. कोळी बहुधा खालच्या, जुन्या पानांपासून सुरुवात करतो. झाडाच्या खालच्या भागातली, त्यातही भिंतीकडची किंवा तापणाऱ्या बाजूची तीन पानं तोडा.

२. वरची बाजू पुसा

ओल्या कपड्याने फक्त वरची बाजू पुसा. धूळ असेल तर कपड्यावर येईल आणि पान एकसारखं हिरवं निघेल. कोळ्याचे ठिपके पुसले जात नाहीत, कारण ते पानावर नसून पानात असतात. कोळी सुईसारखं तोंड खुपसून एकेक पेशी रिकामी करतो. तिच्यातलं हरितद्रव्य जातं आणि तिथे फिकट टिंब उरतं.

३. उजेडासमोर धरा

पुसलेलं पान उजेडासमोर धरा. कोळी असेल तर सुईच्या टोकाएवढी शेकडो फिकट टिंबं दिसतील, मधल्या शिरेजवळ आणि देठाच्या बाजूला जास्त दाट. पुढे ती एकमेकांत मिसळतात आणि पान राखाडी-पिवळट, मग तांबूस होतं. शिरा हिरव्या आणि मधला भाग सलग पिवळा असेल, तर आधी अन्नद्रव्याच्या कमतरतेचा विचार करा. चंदेरी ओरखडे आणि त्यांवर काळे बारीक कण असतील तर ते फुलकिडे. टिंबं जरा मोठी, विखुरलेली आणि पान हलवताच काहीतरी तिरकं पळतं किंवा उडतं, ते तुडतुडे.

४. खालची बाजू – इथे घाई करू नका

माझी चूक इथे झाली होती, म्हणून या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

कुंडीतल्या एका गुलाबाची खालची पानं फिकट पडायला लागली होती. पान उलटलं तर शिरांच्या कडेने पांढरी पूड. बोटाने पुसली, निघाली. जिथून झाड आणलं होतं तिथल्या माणसाने पान लांबूनच पाहिलं आणि सांगितलं, ‘भुरी आहे, बुरशीनाशक मारा.’ मी आठवड्याच्या अंतराने दोनदा मारलं. दिवस कोरड्या उन्हाळ्याचे होते. पंधरा दिवसांत खालची निम्मी पानं गळली आणि वरच्या फांद्यांच्या बेचक्यांत जाळी आली. ती पांढरी पूड भुरी नव्हतीच. ती कोळ्यांनी टाकलेली कात होती.

अंड्यातून निघाल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत कोळी तीनदा कात टाकतो. शेकडो कोळ्यांची कात, फुटलेल्या अंड्यांची टरफलं आणि बारीक धाग्यांत अडकलेली धूळ मिळून पानाखाली जो थर बसतो, तो नुसत्या डोळ्यांना अगदी भुरीसारखा दिसतो. बोटाला दोन्ही सारखेच लागतात. म्हणून ‘पुसून निघतं का बघा’ हा सल्ला वरच्या बाजूपुरता ठीक आहे. खालच्या बाजूला तो चुकवतो. धूळ निघते, भुरी निघते आणि कातही निघते.

मग फरक कसा करायचा? तर चिकटपट्टी लावून. पट्टीचा बोटभर तुकडा पानाच्या खालच्या बाजूवर, शिरेच्या कडेला हलकेच दाबा, उचला आणि काळ्या कागदावर चिकटवा. आता भिंग डोळ्याजवळ धरा आणि कागद हळूहळू जवळ आणा.

कोळी असेल तर पट्टीवर सुटे सुटे कण दिसतात: चुरगळलेली पांढरी कात, काहींना पायांचे तुकडे लागलेले, आणि मधेच काचेच्या मण्यासारखे गोल, पारदर्शक थेंब. हे थेंब म्हणजे अंडी. अंड्याइतकी पक्की खूण दुसरी नाही. धुळीचे कण वेडेवाकडे आणि वेगवेगळ्या आकाराचे असतात. अंडी मात्र सगळी एकसारखी गोल आणि एकाच मापाची. फुटायला आलेली अंडी जरा पिवळसर दिसतात.

भुरी असेल तर पट्टीवर पिठासारखी सलग पूड येते, तिच्यात गोल मणीही नाहीत आणि पायांचे तुकडेही नाहीत. मग पानावरच्या न पुसलेल्या डागाकडे भिंग न्या. भुरीचा डाग गोलसर पसरतो, कडेला विरळ होत जातो आणि शिरा ओलांडून बिनदिक्कत पुढे जातो. त्यात आडवे पसरलेले पांढरे तंतू दिसतात. कोळ्याची पूड शिरेच्या आडोशाला गोळा झालेली असते, कारण तो तिथेच दबा धरून खातो. आणखी एक खूण झाडावरच मिळते. गुलाबाची भुरी कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर आधी येते, कोवळी पानं वाकडी होतात. कोळी खालून वर चढतो.

केवडा हा पानांचा रोग तिसरा संशयित. त्याची राखाडी-जांभळट लव पानाखालीच येते, पण वरच्या बाजूला तिच्या नेमकी समोर पिवळे डाग पडतात, टिंबं नव्हेत, आणि तो दमट, ओल्या हवेत येतो. काळी पूड असेल तर ती काजळी. तिथे कोळी शोधू नका, चिकट स्राव सोडणारा मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधा.

एकाच झाडावर भुरी आणि कोळी दोन्ही असू शकतात. म्हणून भुरी सापडली की तपासणी थांबवू नका, अंडी नाहीत ना हे बघूनच थांबा.

५. कागदावर झटका

फांदीखाली पांढरा कागद धरून पानांवर दहा वेळा टिचकी मारा. मग कागद सपाट ठेवून अर्धा मिनिट नुसतं बघा, फुंकर मारू नका. धूळ जागची हलत नाही. जे टिंब सावकाश सरकतं तो कोळी. त्यावरून बोट फिरवलं की लालसर किंवा हिरवट रेघ उठते. पण रेघ ओढायच्या आधी वेग बघा. एखादं टिंब चपळाईने इकडून तिकडे धावत असेल तर तो बहुधा कोळ्यांना खाणारा शिकारी कोळी असतो. त्याला मारू नका. वांग्यासारख्या लव असलेल्या पानांवरून कोळी सहज पडत नाहीत, तिथे कागद कोरा राहिला तरी चिकटपट्टी लावून बघाच.

६. जाळी

जाळीचा संशय असेल तर बारीक तुषारांचा फवारा मारा. कोरडी जाळी दिसत नाही, पाण्याचे कण अडकले की पान आणि देठ यांच्यामधला पडदा चमकून उठतो. साध्या कोळीष्टकाचे धागे मोकळे, लांब असतात आणि त्याखालची पानं निरोगी असतात. लाल कोळ्याची जाळी दाट, पानाला चिकटून आणि आत हलणाऱ्या टिंबांनी भरलेली असते.

७. ओळख पटल्यावर

जास्त माखलेली पानं काढून पिशवीत बंद करा. उरलेल्या पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग झाडांसाठीचा पोटॅशियम साबण डबीवरच्या मापाने पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. आधी दोन-चार पानांवर फवारून दिवसभर थांबा, कारण काही झाडांची पानं साबणाने करपतात. साबण अंगाला लागला तरच कोळी मरतो आणि अंड्यांवर तो फारसा चालत नाही. उन्हाळ्यात अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि आठवडा-दहा दिवसांत पुढची पिढी अंडी घालायला लागते. म्हणून पाच-पाच दिवसांनी तीनदा फवारणी करा. एकदा मारून सोडून देणं म्हणजे काहीच न करणं.

हाताशी असलेलं कुठलंही कीटकनाशक मारू नका. कोळी कीटक नाही, पूर्ण वाढलेल्याला आठ पाय असतात. बरीच कीटकनाशकं त्याला सोडून त्याच्या शत्रूंनाच मारतात आणि कोळी आणखी वाढतो. गंधक कोळ्यावर आणि भुरीवर दोन्हींवर काही प्रमाणात चालतं, पण कडक उन्हात पानं जाळतं, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी ते मारायचं नाही.

८. उपाय लागू पडला का

जुने ठिपके कधीच भरून येत नाहीत. रिकाम्या झालेल्या पेशी पुन्हा हिरव्या होत नाहीत, त्यामुळे त्या पानांकडे बघून औषध बदलू नका. फवारणीच्या दिवशी सगळ्यात नव्या पूर्ण उघडलेल्या पानाच्या देठाला दोरा बांधा आणि त्याच्या वरची पानं तपासत राहा. माझ्या त्या गुलाबाच्या कागदावर पहिल्या दिवशी हलणारी 14 टिंबं होती, दुसऱ्या फवारणीआधी 9, तिसरीआधी 2. दोऱ्याखालची पानं शेवटपर्यंत टिपक्यांचीच राहिली, वर आलेली स्वच्छ होती. कागद सलग दोन आठवडे कोरा राहीपर्यंत ती कुंडी वेगळी ठेवा आणि तिची पानं शेजारच्या झाडाला टेकू देऊ नका.