सिंगापूरमध्ये पायी फिरताना: आधी सावली बघा, मग अंतर

नवीन आलेली मंडळी पहिल्याच शनिवारी नकाशा उघडतात. लिटल इंडिया ते मरिना बे चारेक किलोमीटर दिसतं. 'एवढं तर सहज चालू,' म्हणत आरामात नाश्ता करून अकराला निघतात आणि एक वाजता कुठल्यातरी मॉलच्या पायऱ्यांवर बसलेली असतात. अंतर खरंच फार नसतं, पण वेळ चुकलेली असते.

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे आणि इथलं घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे चालतं. म्हणजे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि एकच्या आसपास डोक्यावर येतो. त्या वेळी उंच इमारतीसुद्धा रस्त्यावर फारशी सावली टाकत नाहीत, छप्पर असेल तरच उपयोग. सकाळी मात्र उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्याची पूर्वेकडची बाजू धरा आणि संध्याकाळी पश्चिमेकडची. पूर्व-पश्चिम रस्त्यावर बहुतेक वेळ ऊन रस्त्याच्या लांबीनेच येतं, तिथे झाडं किंवा छप्पर शोधा.

छपराची सोय इथे भरपूर आहे. जुन्या दुकानांसमोरची सलग पडवी, जिला इथे 'फाइव्ह फूट वे' म्हणतात, ती ब्रिटिश अधिकारी रॅफल्सच्या 1822 च्या नगररचनेपासूनची. चालायला गार, पण दर दुकानापुढे जमिनीची पातळी बदलते. चार इंचांची पायरी अचानक येते, त्यावर चकचकीत फरशी, आणि पावसाचं पाणी शिंतडलं की ती साबणासारखी होते. आईबाबा सोबत असतील तर त्यांना पुढे चालू द्या, म्हणजे वेग आपोआप त्यांचा राहतो. एमआरटी, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनांजवळ आणि सरकारी वसाहतींतही छपराचे रस्ते आहेत. थोडे वळसे पडतात, पण वळसा घ्याच.

वेळेचा हिशेब असा धरा. नकाशा किलोमीटरला बारा मिनिटं सांगतो. सिग्नल, पादचारी पूल, फोटो आणि घाम धरून कुटुंबासोबत वीस लागतात. साठीच्या पुढचं कुणी असेल तर वीस-पंचवीस मिनिटांनी बसायला जागा हवीच, आणि ती आधी ठरवलेली हवी.

आता तोच रस्ता नीट आखू. पावणेआठला लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा-कॉफी. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, तिथे बसू नका. सव्वाआठला निघून सुलतान मशिदीपर्यंत सव्वाएक किलोमीटर, अर्धा तास पुरतो. आसपासच्या गल्ल्या उन्ह चढायच्या आत बघून घ्या. मग बुगिसकडे. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरचं राष्ट्रीय ग्रंथालय दहाला उघडतं. एसी, स्वच्छतागृह, बसायला जागा, सगळं फुकट. घामाने भिजलेल्या अंगाने त्या गारव्यात शिरल्यावर बाधतं, म्हणून एक ओढणी किंवा पातळ शर्ट पिशवीत असू द्या. अकराच्या सुमारास चालणं इथेच थांबवायचं. बुगिसहून गाडी धरा, घरी जा, जेवा, झोपा. दुपारी 'उरलेलं उरकून टाकू' हा मोह आवरा.

पाचला अजून चटका असतो. साडेपाचला सिटी हॉल स्टेशनवर उतरा आणि जमिनीखालच्या सिटीलिंक मॉलमधून एस्प्लनेड गाठा, उन्हाचा एक कवडसा लागणार नाही. तिथून ज्युबिली पुलावरून मर्लायनच्या पुतळ्यापर्यंत अर्धा किलोमीटर. सूर्य सातला मावळतो, तेव्हा पाण्यालगत वारा असतो. परतायला रॅफल्स प्लेस स्टेशन जवळ आहे. दिवसभरात चालणं तेच चार किलोमीटर, पण दोन हप्त्यांत.

पाणी नळाचं प्यायला चालतं, बाटली कुठेही भरून घ्या. मात्र एमआरटीच्या गेटच्या आत खाणं-पिणं दंडनीय आहे. पाणीसुद्धा त्यात आलं, तेव्हा गेटच्या अलीकडेच पिऊन घ्या.

चपला-बुटांबद्दल. उकाड्यात पाय फुगतात, त्यामुळे बूट संध्याकाळी विकत घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून. नवे बूट घालून थेट लांब फिरायला जाऊ नका, आधी आठवडाभर बाजारहाट करताना वापरा. साध्या रबरी स्लिपरचा तळ झिजला की ओल्या फरशीवर तो टिकत नाही. मागून पट्टा असलेली, खाचेदार तळाची सॅन्डल सगळ्यात सोयीची: पावसात चालते आणि देवळापुढे चटकन काढता येते. बंद बूटच आवडत असतील तर मोज्यांचा एक कोरडा जोड जवळ ठेवा. टाचेवर चुरचुरायला लागलं की तिथेच थांबून पट्टी लावा. फोड आल्यावर लावून फार फायदा नाही.

पाऊस बहुधा दुपारनंतर कोसळतो, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गडगडाटासह. वीज कडाडत असताना छत्री घेऊन मोकळ्या मैदानातून जाऊ नका. जवळचं स्टेशन किंवा हॉकर सेंटर, म्हणजे छपराखालची खाण्याची दुकानं, गाठा, एक 'तेह', म्हणजे इथला चहा, मागवा आणि बसा. तासाभरात बहुधा उघडतं.