वायरलेसवर ‘पुन्हा सांगा’ म्हणताना या चुका टाळा

जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर वॉकीटॉकी घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला अर्धंच वाक्य ऐकू येतं. मागे हलगी, समोर भोंगे. अशा वेळी निरोप कुठे तुटतो, हे आधी कळायला हवं, कारण मराठीत त्याच्या ठरलेल्या दोन जागा आहेत: आकड्याचं डोकं आणि वाक्याचं शेपूट.

बटण दाबल्यावर सेट प्रक्षेपण सुरू करायला क्षणभर घेतो. मध्ये निरोप पकडून पुढे पाठवणारा रिपीटर असेल तर आणखी थोडा वेळ जातो. बटण दाबतानाच बोलायला लागलात तर पहिली अक्षरं हवेत जातच नाहीत. ‘एकोणसाठ’ म्हटलं तर पलीकडे ‘साठ’ पोचतं, ‘एकोणसत्तर’चं ‘सत्तर’ होतं. ऐकणाऱ्याला काही तुटल्याचा संशयही येत नाही, कारण मिळालेला आकडा अगदी स्वच्छ असतो. शेवटाकडे तसंच: ‘गाडी सोडायची नाही’ म्हणताना अंगठा लवकर उठला, की ‘गाडी सोडायची’ हा धडधडीत उलटा आदेश पोचतो.

म्हणून बटण दाबून एक सेकंद थांबा, मग बोला. शेवटच्या शब्दानंतर अर्धा सेकंद दाबून ठेवा. आकडे सुटे सांगा: ‘पाच, नऊ’. नकार वाक्याच्या शेवटी ठेवूच नका. ‘गाडी थांबवून ठेवा’ म्हणा.

सात आणि आठचा घोळ वेगळा आहे. ‘स’चा सळसळीत आवाज बराचसा 4,000 हर्ट्झच्या वर असतो आणि सेट साधारण 300 ते 3,000 हर्ट्झच पुढे पाठवतो. त्यामुळे ‘सात’ आणि ‘आठ’ जवळजवळ सारखे ऐकू येतात. या दोन आकड्यांसाठी ‘सेव्हन’ आणि ‘एट’ म्हणण्यात कमीपणा नाही. ‘सात रस्ता’ या चौकाचं नाव मात्र बदलता येत नाही, तिथे जवळची खूणही जोडा.

आता एक उदाहरण पाहू. नियंत्रण कक्ष सांगतो: ‘पथक तीन, रुग्णवाहिका पाच नऊ पार्क चौकात थांबवून ठेवा, ओव्हर.’ पथकाला ‘रुग्णवाहिका’पर्यंत ऐकू येतं, पुढे खरखर.

इथे पहिली चूक म्हणजे नुसतं ‘काय? परत बोला’. मग समोरचा सगळा निरोप पुन्हा, तोही नव्या शब्दांत सांगतो आणि आधी ऐकलेलं नव्याशी जुळवता येत नाही. नेमकं मागा: ‘पुन्हा सांगा, रुग्णवाहिका नंतरचं सगळं, ओव्हर.’ सुरुवात तुटली असेल तर ‘अमुक शब्दाच्या आधीचं सगळं’. सांगणाऱ्याने तेवढाच भाग त्याच शब्दांत द्यावा: ‘पुन्हा सांगतो, पाच नऊ पार्क चौकात थांबवून ठेवा.’ इंग्रजीत बोलत असाल तर ‘से अगेन’ म्हणा, ‘रिपीट’ नको. तोफखान्यात ‘रिपीट’चा अर्थ तोच मारा पुन्हा करा असा आहे.

दुसरी चूक जास्त घातक: ‘साठ ना?’ असं विचारणं. गडबडीत समोरचा आपल्याला हवं तेच ऐकतो आणि ‘हो’ म्हणतो. अंदाज पुढे करू नका. संपूर्ण आदेश स्वतः म्हणून दाखवा: ‘परत वाचतो, रुग्णवाहिका पाच नऊ, पार्क चौक, थांबवून ठेवायची, ओव्हर.’ नियंत्रण कक्षाने हे लिहिलेल्या निरोपावर बोट ठेवून ऐकावं आणि ‘बरोबर’ किंवा ‘चूक, पुन्हा सांगतो’ असं स्पष्ट म्हणावं. हे उत्तर येईपर्यंत गाडीला हात लावू नका. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. ‘रॉजर’चा अर्थही फक्त ‘सगळं ऐकलं’ एवढाच; अर्धं ऐकून तो म्हणू नये.

दोघे एकदम बोलले तर? विमानांच्या एएम रेडिओवर शिट्टीसारखा आवाज येतो. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर टॉवरचं आणि पॅन अ‍ॅम विमानाचं बोलणं असंच एकमेकांवर आदळलं, उड्डाण घेणाऱ्या केएलएम विमानाच्या कॉकपिटमध्ये नीट पोचलं नाही आणि दोन्ही विमानं धडकून 583 माणसं गेली. आपले वॉकीटॉकी सहसा एफएम असतात. त्यात जोरदार सिग्नल कमजोराला गिळून टाकतो. बऱ्याचदा शिट्टीही वाजत नाही आणि ज्याचा निरोप बुडाला त्याला पत्ताच लागत नाही. म्हणून पाचएक सेकंदांत उत्तर आलं नाही, तर निरोप पोचलाच नाही असं धरा आणि पुन्हा हाक द्या.

दोनदा मागूनही तुटतच असेल तर तिसऱ्यांदा ओरडू नका, ओरडल्याने आवाज आणखी फाटतो. सेट तोंडापासून चार-पाच सेंटीमीटर धरा, अँटेना उभी ठेवा, भिंतीच्या आडून चार पावलं बाहेर या. तरीही जमेना, तर दोघांनाही ऐकू येणाऱ्या तिसऱ्या पथकाला निरोप पोचवायला सांगा. परत वाचून दाखवणं मात्र त्याच्यामार्फत मूळ पाठवणाऱ्यापर्यंत गेलंच पाहिजे.