परिमिती काढताना चौकटी नाही, कडा मोजायच्या

पाचवीतले पोट्टे क्षेत्रफळ बरोबर काढतात पण परिमितीला हमखास कडेच्या चौकटी मोजतात. यासाठी बर्डीवरून काही आणायची गरज नाही, गणिताची चौकटीची वही, पेन्सिल आणि लाल पेन पुरे.

१. ४ चौकटी लांब, ३ चौकटी रुंद आयत काढा.
२. आतल्या प्रत्येक चौकटीत पेन्सिलने टिंब द्या. १२ टिंबं, म्हणजे क्षेत्रफळ १२ चौकटी.
३. आता लाल पेनने एका कोपऱ्यापासून बाहेरची रेघ गिरवत चला, प्रत्येक तुकड्याला एक आकडा. १४ येतात.

कडेच्या चौकटी मोजल्या तर १० च येतात, कारण कोपऱ्यातल्या चौकटीच्या दोन कडा बाहेर असतात आणि मूल ती एकदाच मोजतं, चार कोपरे म्हणून बरोबर ४ कमी पडतात. उत्तर ४ ने चुकलं की समजा हेच झालं.

मग एका कोपऱ्यातली चौकट खोडायला लावा. क्षेत्रफळ ११ होतं, परिमिती मात्र १४ च राहते, कारण दोन कडा गेल्या आणि आतल्या दोन उघड्या पडल्या. हे मुलांना पटकन पटत नाही, त्यांनाच पुन्हा गिरवू द्या.

नेहमीच्या चुका:
- सुरुवातीच्या कोपऱ्यावर खूण नाही, त्यामुळे एक कड दोनदा मोजली जाते
- आतल्या रेघाही मोजणं
- परिमितीला चौरस सेमी लिहिणं

एक सांभाळा, वहीची चौकट १ सेमीचीच असेल असं नाही, पट्टीने मोजल्याशिवाय उत्तरात सेमी लिहू देऊ नका.