प्रमाणित भाषांतर : नोटरी मारला म्हणजे झालं, असं नसतं

गिरगावातले एक गृहस्थ मार्चमध्ये माझ्याकडे आले. हातात प्लॅस्टिकची फाइल आणि चेहऱ्यावर 'सगळं तयार आहे, तुम्ही फक्त नजर टाका' असा भाव. मुलगी कॅनडात स्थायिक आहे आणि आईवडिलांना तिकडे बोलावण्यासाठी तिने प्रायोजक म्हणून अर्ज केलाय. निमंत्रण आल्यापासून पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात, त्यातले नऊ उरले होते. मुलगी यांचीच आहे हे दाखवणारा मुख्य कागद म्हणजे तिचा जन्मदाखला. जन्म आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातला, १९८८ सालचा. दाखला ग्रामपंचायतीचा, छापील मराठी नमुन्यात हाताने भरलेला.

भाषांतर केलं होतं त्यांच्या धाकट्या भावाने. ते निवृत्त इंग्रजीचे शिक्षक, आणि इंग्रजी खरोखर सुरेख होतं. खाली नोटरीचा गोल लाल शिक्का, तिकीट, सही, सगळं होतं. तरीही त्या एका पानात तीन चुका होत्या. त्या तीनही मी वर्षभर वेगवेगळ्या फायलींत बघते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिली चूक भावाचीच. भारतात 'शपथबद्ध भाषांतरकार' अशी सरकारी पदवी नाही. इथे सर्वमान्य अशी कुठली यादी नाही, की जिच्यातलं नाव बघून जगातलं कुठलंही कार्यालय मान डोलवेल. म्हणून 'मुंबईत कुणाला अधिकार आहे?' या प्रश्नाचं उत्तर मुंबईत मिळत नाही. ज्या कार्यालयात कागद जाणार, त्याच्या नियमात ते असतं. कॅनडाचं इमिग्रेशन खातं सांगतं की अर्जदाराने, त्याच्या कुटुंबीयांनी किंवा त्याच्या प्रतिनिधीने केलेलं भाषांतर चालणार नाही. कुटुंबीय म्हणजे नवरा-बायको आणि मुलंच नव्हेत. भावंडं, आजी-आजोबा, काका, मामा, मावशी, आत्या, पुतणे, भाचे आणि सख्खी चुलत-आते-मामे-मावस भावंडंही त्यात येतात. म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिकेत 'आपले नम्र' खाली जेवढी नावं छापतात, जवळजवळ तेवढे सगळे बाद. गृहस्थांना हे पटेना. "मॅडम, तो पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवत होता!" असेल, पण इथे प्रश्न इंग्रजीचा नसून नात्याचा आहे.

दुसरी चूक शिक्क्याची, आणि तिच्यावर मला जास्त बोलायचंय. आपल्याकडे 'नोटरी मारणे' असं म्हणतात, जणू ते एकच काम आहे. प्रत्यक्षात नोटरी वेगवेगळ्या गोष्टींवर सही करतो, आणि कुठल्या गोष्टीवर केली हे शिक्क्याच्या वरच्या ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ कुणी वाचत नाही. या भाषांतराच्या पानावर होतं 'ट्रू कॉपी'. म्हणजे नोटरीने इतकंच म्हटलं होतं, की हे पान मूळ पानाची खरी प्रत आहे. कुठल्या मूळ पानाची? इंग्रजी पानाचं मूळ मराठी आहे, आणि ते समोर ठेवून कुणी जुळवलेलं नव्हतं. त्या शिक्क्याने भाषांतराबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

गंमत म्हणजे कॅनडाला 'ट्रू कॉपी' हवीच असते, पण ती मराठी दाखल्याच्या झेरॉक्सवर. तिथे नोटरीने मूळ दाखला हातात घेऊन झेरॉक्सशी ताडायचा, मग ही मूळ कागदाची खरी प्रत असल्याचं वाक्य लिहायचं आणि खाली कागदाचं नाव, तारीख, स्वतःचं नाव, पद आणि सही. भाषांतराच्या बाजूला मात्र वेगळा कागद लागतो : भाषांतरकाराचं शपथपत्र. त्यात भाषांतरकार सांगतो की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर मूळ कागदाचं पूर्ण आणि अचूक रूप आहे. नोटरी तिथे 'माझ्यासमोर' म्हणून सही करतो, म्हणजे भाषांतरकार नोटरीसमोर उभा राहून सही करतो. भाषांतरकार पुण्यात आणि नोटरी फोर्टात, असं जमत नाही. भाषांतरकार कॅनडातल्या एखाद्या प्रांतिक संस्थेचा प्रमाणित सदस्य असेल, तर शपथपत्राऐवजी त्याचा शिक्का आणि सदस्य क्रमांक पुरतो, पण मुंबईत बसून काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना शपथपत्राचाच रस्ता आहे.

'पण नोटरीला भाषांतर करायचा अधिकार आहेच ना?' असं कुणी जाणकार विचारतो, आणि त्याचं बरोबर असतं. नोटरी कायदा १९५२, कलम ८ यात भाषांतर करणं आणि भाषांतर पडताळणं ही नोटरीची कामं म्हणून दिलेली आहेत. पण पडताळायचं तर त्याने दोन्ही पानं वाचून तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. कोर्टाबाहेरच्या टेबलावर रांगेत दहा भाडेकरार असताना तेवढा वेळ कोण देतो, हे तुम्हीच बघा. शिवाय कॅनडाने मागितलंय भाषांतरकाराचं शपथपत्र, त्यामुळे नोटरीने कितीही मनापासून पडताळलं तरी त्याची जागा भरून निघत नाही.

शिक्का बघताना आणखी दोन गोष्टी बघा. नियमाप्रमाणे नोटरीची मुद्रा गोल आणि ५ सेंटिमीटर व्यासाची असते. तिच्यात त्याचं नाव, कुठल्या क्षेत्रासाठी नेमणूक आहे ते, आणि नेमणूक कुठल्या सरकारची आहे ते असतं. आणि नोटरीचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, मग नूतनीकरण. मुदत संपल्याची तारीख बहुतेकांच्या शिक्क्यात किंवा त्याशेजारी असते. ती उलटून गेली असेल तर दुसरीकडे जा.

आता तिसरी चूक, सगळ्यात चांगल्या हेतूने केलेली. दाखल्यावर आईचं नाव होतं 'सुनंदा'. पासपोर्टवर 'सुमन'. कोकणात लग्नात नाव बदलायची पद्धत होती, आणि बाळंतपण माहेरी झालं म्हणून तिथल्या माणसांनी माहेरचं नाव सांगितलं. गृहस्थांच्या भावाने इंग्रजीत सरळ 'सुमन' लिहून टाकलं, 'गोंधळ नको' म्हणून. पण मूळ दाखल्याची प्रत सोबत जाणारच आहे. मराठी वाचणाऱ्या कुणीही दोन पानं शेजारी ठेवली, की भाषांतर खोटं ठरतं, आणि त्याबरोबर 'पूर्ण आणि अचूक' अशी शपथही. साधी विसंगती होती, तिची लबाडी झाली.

यात एक बारीक भेद आहे. मुलीचं नाव दाखल्यावर 'शितल', पहिली वेलांटी. पासपोर्टवर इंग्रजीत डबल ई. इथे पासपोर्टचंच स्पेलिंग घ्यायचं, कारण नाव तेच आहे, फक्त लिपी बदलते आहे. 'ज्ञानेश्वर' डी-एन-वाय ने लिहायचं की जी-वाय ने, हाही प्रश्न तसाच सुटतो. पण 'सुनंदा'चं 'सुमन' करणं म्हणजे माणूस बदलणं. ते भाषांतरकाराचं काम नाही. भाषांतरात 'सुनंदा' ठेवायचं, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे हे आईच्या वेगळ्या शपथपत्रात सांगायचं, सोबत जुनं-नवं नाव जोडणारा कागद द्यायचा. इथे सुदैवाने शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा होता आणि विवाह नोंदणीत दोन्ही नावं होती. नोंदच दुरुस्त करून घेता येते, पण नऊ दिवसांत नाही.

मग आम्ही काय केलं? मी नात्यातली नाही, म्हणून भाषांतर नव्याने मी केलं. आधी मूळ दाखला मागवला, कारण व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत तळाचा शिक्का कापला गेला होता. कॅनडाला शिक्के आणि मुद्रासुद्धा भाषांतरित लागतात. ग्रामपंचायतीचा शिक्का, 'निबंधक, जन्म-मृत्यू' ही ओळ, 'मु. पो., ता., जि.' ही संक्षिप्त रूपं उलगडून, आणि 'शेरा' या रकान्यातली आडवी रेघसुद्धा 'रेघ मारलेली' असं लिहून. एका कोपऱ्यात पुसट अक्षर होतं. लागत नाही ते 'वाचता येत नाही' असंच लिहायचं, अंदाज बांधायचा नाही. तारीख ०४/०६/१९८८. तिथे महिना शब्दात लिहिला, कारण कॅनडात काही जण आधी महिना वाचतात. हस्तलिखितात १ आणि ९ यांच्यातला घोळ नेहमीचा, म्हणून साल अक्षरी लिहिलेलं असेल तर त्याच्याशी ताडून घ्यावं. या दाखल्यात होतं.

मग आम्ही दोघं एकाच नोटरीकडे गेलो. त्यांच्या नोंदवहीत माझी सही झाली, ओळखपत्र दाखवलं, शपथपत्रावर 'माझ्यासमोर' आलं. त्याच बैठकीत मराठी दाखल्याच्या झेरॉक्सवर 'ट्रू कॉपी'. एकाच माणसाचे दोन शिक्के, दोन वेगळ्या कागदांवर, दोन वेगळ्या वाक्यांखाली. गृहस्थ मला म्हणाले, "म्हणजे आमच्यावर होता तो शिक्का बरोबरच होता, फक्त चुकीच्या पानावर." अगदी तसंच.

फाइलच्या शेवटी अपॉस्टिल करून देणाऱ्या एजंटची पावती होती. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे, म्हणून हल्ली 'परदेशी कागद म्हणजे अपॉस्टिल' असं समीकरणच झालंय. अपॉस्टिल सही आणि मुद्रा खरी आहे एवढं सांगतं, भाषांतराबद्दल काही नाही. आणि या अर्जाला ते कुणी मागितलेलंच नव्हतं.

हेच कागद दुसऱ्या देशात गेले असते तर गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला नोटरी लागतच नाही. भाषांतरकाराने स्वतः लिहून द्यायचं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मी ते करायला सक्षम आहे. ब्रिटनला अचूकतेची कबुली, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव आणि सही, आणि संपर्काचा तपशील हवा. जर्मनी आणि स्पेनमध्ये मात्र तिथल्या कोर्टाने किंवा मंत्रालयाने नेमलेले शपथबद्ध भाषांतरकारच असतात, आणि दुबईत अरबी भाषांतर परवानाधारक कायदेशीर भाषांतरकाराकडूनच व्हावं लागतं. अशा ठिकाणी मुंबईत इंग्रजी करून घेण्याआधी तिकडच्या कार्यालयाला विचारा की मराठीतून इंग्रजी चालेल का, की त्यांच्या भाषेत थेट हवं. मराठी जाणणारा जर्मन शपथबद्ध भाषांतरकार शोधणं म्हणजे गणपतीत लालबागला पार्किंग शोधणं.

आणि एक, मुंबईतल्या महापालिकेच्या दाखल्यांबद्दल. नवे दाखले दोन भाषांत असतात, त्यामुळे लोक भाषांतर करतच नाहीत, आणि बहुतेकदा ते बरोबर असतं. पण खाली मराठी शिक्का असेल किंवा एखादी ओळ हाताने मराठीत भरलेली असेल, तर ती ओळ उरतेच. ते बघून घ्या.

स्कॅन करताना दोन्ही बाजू करा. आमच्या त्या नोटरीने नोंदवहीचा क्रमांक शपथपत्राच्या मागे लिहिला होता, आणि गृहस्थ पुढचीच बाजू मुलीला पाठवून निघाले होते.